पाठवणीच्या वेळचे दोन शब्द



कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि आपल्या घराघरांत लग्नाच्या याद्या निघू लागतात. मंडप, आचारी, पत्रिका, आहेर या सर्वांची टिपणे होतात. एका गोष्टीचे टिपण मात्र सहसा कोणी करीत नाही, ती म्हणजे पाठवणीच्या वेळी वधुपित्याने बोलावयाचे दोन शब्द. ते आपोआप सुचतील असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्या क्षणी कंठ दाटतो आणि ओठांवर येतात ती ऐकून ऐकून पाठ झालेली वाक्ये : ‘मुलगी आपल्या पदरात टाकली आहे’, ‘चुकलेमाकले पोटात घाला’, ‘बाळ, आता तेच तुझे घर, आमची तू परकी झालीस.’ बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. तरी या वाक्यांचा अर्थ तपासून पाहण्यासारखा आहे.

आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात दत्तीचे, म्हणजे देण्याचे, चार प्रकार सांगितले आहेत. दीनांना करुणेने द्यावयाची ती दयादत्ति, मुनिजनांना भक्तीने द्यावयाची ती पात्रदत्ति, आचार व व्रते यांत आपल्याशी समान असलेल्या गृहस्थाला आदराने द्यावयाची ती समदत्ति आणि आपल्या वंशाकडे सर्व कारभार सोपवावयाचा ती अन्वयदत्ति. व्याह्यांशी आपले जे नाते जुळते त्याचा भाव समदत्तीचा आहे. तेथे देणारा लहान नाही आणि घेणारा मोठा नाही. म्हणून पाठवणीच्या भाषणात नम्रता असावी, लाचारी नसावी. ‘पदरात टाकली’ या शब्दांत मुलगी ओझे होते आणि पिता याचक होतो. भोवती उभे असलेले दोन्हीकडचे आप्त हा सूर ऐकतात, आणि पुढे कित्येक वर्षे दोन घरांचे वागणे नकळत त्याच सुराने चालते.

आता प्रत्यक्ष भाषणाकडे वळू. ते दीडशे शब्दांहून मोठे नसावे. सावकाश बोलल्यास त्याला दोन मिनिटे लागतात, आणि भरल्या गळ्याने मनुष्य त्याहून अधिक वेळ धड बोलू शकत नाही. क्रमही ठरलेला असावा : आधी व्याही आणि विहीणबाई, मग जावई, शेवटी मुलगी. मुलीकडे पाहून आरंभ केला तर पहिल्याच वाक्याला आवाज फुटतो आणि व्याह्यांना म्हणावयाचे राहून जाते.

उदाहरणादाखल असे समजा, की बार्शीच्या एका भुसार व्यापाऱ्याची मुलगी इचलकरंजीच्या सूतव्यापारी घरात जात आहे. दुपार कलली आहे आणि वऱ्हाडाला सूर्यास्तापूर्वी वाटेत जेवण उरकावयाचे आहे. वधुपिता म्हणतो :

“जय जिनेंद्र. व्याहीसाहेब, विहीणबाई, दोन दिवस आपण आमच्या गावी राहिलात, आम्हाला फार आनंद झाला. या दोन दिवसांत कोणाचा मान राखण्यात, पंगतीत किंवा बोलण्यात आमच्याकडून काही उणे राहिले असेल, तर आम्हा सर्वांच्या वतीने मिच्छामि दुक्कडम्.

आमच्या मुलीने चार वर्षे दुकानाचे हिशेब सांभाळले. पहाटे लवकर उठणे तिला जमत नाही. पण हाती घेतलेले काम ती अर्धवट सोडत नाही. दोन्ही गोष्टी आपल्याला लवकरच कळतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जावईबापू, ती रागावली की अबोल होते. अशा वेळी तिला तासभर द्या, मग तीच बोलायला येईल. आणि आपल्याला कधी काही सांगावेसे वाटले, तर आम्हाला निःसंकोच सांगा.

बाळ, तुझी खोली आणि पेढीवरची तुझी जागा तशीच राहील. आनंदात ये, अडचणीतही ये. येताना कारण सांगावे लागणार नाही. आता नीघ. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणे व्हायची आहेत. जय जिनेंद्र.”

या भाषणात क्षमा मागितली आहे ती यजमानपणातल्या उणिवांची. मुलीच्या भावी चुकांची क्षमा पित्याने आधीच मागून ठेवणे योग्य नाही; ज्या चुका अजून झाल्याच नाहीत त्यांचा दोष तिच्या नावावर कशासाठी लिहावा? श्वेतांबर घरांत ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, दिगंबर घरांत ‘उत्तम क्षमा’ म्हणावे. मुलीचे वर्णन करताना एक गुण आणि एक निरुपद्रवी खोड सांगितली आहे. नुसती स्तुती ऐकणाऱ्याला दुकानातल्या मालाच्या वर्णनासारखी वाटते. खोड सांगताच ऐकणारे हसतात, वातावरण सैल होते आणि बोलणाऱ्यालाही श्वास घ्यावयास अवधी मिळतो. काय दिले, किती खर्च झाला, याचा एकही शब्द येथे नाही. देण्याघेण्यावरून मनात काही सल असेल, तर तो दोघा व्याह्यांनी दुसऱ्या दिवशी समोरासमोर बसून काढावा. पाठवणीत तो सूचक शब्दांनीही येऊ नये, कारण त्याची झळ मुलीला तिच्या पहिल्याच दिवशी लागते.

सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे ते परत येण्याचे. ‘आता तू परकी झालीस’ हे वाक्य मुलगी विसरत नाही. पुढे सासरी खरोखर काही बिनसले तर हेच वाक्य तिला माहेरचा उंबरा चढू देत नाही, आणि ती वर्षानुवर्षे मूकपणे सोसत राहते. बापाला वस्तुस्थिती कळते तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो. शिवाय ते वाक्य खरेही नाही. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू वारसा कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मतःच मुलाइतकी हिस्सेदार आहे, आणि विवाहाने तो हक्क संपत नाही. कायदा जिला परकी म्हणत नाही, तिला बापाने का म्हणावे? ‘अडचणीतही ये’ हे शब्द सर्वांसमक्ष उच्चारले गेले की ते तिघांना ऐकू जातात. मुलीला आधार मिळतो, सासरला मर्यादा कळते आणि माहेरचे भाऊ-भावजय साक्षी राहतात. मात्र ते शांतपणे, जावयाला आपुलकीचे शब्द बोलून झाल्यावर यावेत, म्हणजे त्यांत धमकीचा वास येत नाही.

भाषण मंडपातच उरकावे. एकदा मंडळी सजवलेल्या गाडीपाशी गेली की वाजंत्री आणि गर्दी यांत काही ऐकू येत नाही. दोन्ही घरांची जवळची पंचवीस-तीस माणसे जवळ घ्यावीत, म्हणजे ध्वनिवर्धकाचीही गरज पडत नाही. मजकूर मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहावा आणि आदल्या रात्री दोनदा मोठ्याने वाचावा. कोणत्या शब्दाला आवाज अडखळतो ते तेव्हाच समजते. बहुधा तो मुलीचे लाडके नाव असते. ते नाव भाषणात घ्यावयाचे असेल तर शेवटच्या वाक्यात घ्यावे. मध्येच कंठ दाटला तर थांबावे, घोटभर पाणी प्यावे आणि तेच वाक्य पुन्हा आरंभापासून म्हणावे. अश्रू आले तर येऊ द्यावेत, त्यांची क्षमा मागू नये. बोलवणारच नाही असे वाटत असेल, तर चिठ्ठी मुलीच्या आईच्या, काकांच्या किंवा भावाच्या हाती द्यावी आणि आपण शेजारी उभे राहावे. पिता हयात नसेल तेथे हा मान आईचा आहे, आणि तो तिने संकोच न करता घ्यावा.

कार्य पार पडल्यावर ती चिठ्ठी मुलीच्या सामानात घालून द्यावी. ऐन वेळी डोळे भरलेले असताना तिला अर्धे शब्द ऐकूच आलेले नसतात.