चव जिभेची, स्वाद नाकाचा

मागच्या रविवारी घरून निघताना आईने मासवडीचा डबा दिला. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे पाहुण्याला मासवडी, काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी वाढली की पाहुणचार झाला. पण मला जबरदस्त सर्दी. पहिल्या घासाला मीठ लागलं, तिखट लागलं, बाकी काही नाही. मी रूममेटला म्हणालो, "या वेळी आईचा हात बिघडला." तो म्हणाला, "येडा आहेस का?" आणि अर्धा डबा संपवला!

बिघडला होता तो आईचा हात नव्हे, माझं नाक. मित्रांनो, जिभेला मुख्यतः पाचच चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. तिखट ही तर चवच नाही, ती मिरचीने मज्जातंतूंना दिलेली जळजळ. म्हणून सर्दीतही ती जाणवते. पण मासवडीच्या सारणातले भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर ओळखायचं काम नाकाचं. घास चावताना त्यांचा वास सुटतो आणि श्वास सोडताना घशामागून वर नाकात चढतो. नाकाच्या छताशी वास टिपणाऱ्या पेशी असतात. सर्दीने आतलं अस्तर सुजलं की वास तिथवर पोचतच नाही. मेंदूला मात्र सगळं तोंडातच घडतंय असं वाटतं, म्हणून आपण दोष जिभेला नाहीतर स्वयंपाकाला देतो.

खोटं वाटत असेल तर नाक चिमटीत धरून बडीशेप चावा. किंचित गोडसर काहीतरी लागेल. आता नाक सोडून श्वास बाहेर टाका. बडीशेप एकदम 'येते'!

हे सगळं सांगायचं कारण आपली मेस. भाजी चाखायची पाळी ज्याची असेल तो शिंकत असला तरी चाखतो आणि 'ओके' म्हणतो. मिठाचा अंदाज त्याचा बरोबर येईल, कारण मीठ जिभेला कळतं. पण खोबरं किंवा शेंगदाण्याचा कूट खवट झालाय, फोडणी करपलीय, डाळीला आंबूस वास मारतोय, हे मुख्यतः नाकानेच कळतं. तेव्हा माझं स्पष्ट मत: सर्दी झालेल्याने त्या दिवशी चाखायची पाळी दुसऱ्याला द्यावी. आणि सर्दी झालेल्यांनी ताटात वरून मीठ ओतू नये. त्याने खारटपणा वाढतो, हरवलेला स्वाद येत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. सर्दी गेली की स्वाद सहसा परततो. पण नाक मोकळं असूनही वास येत नसेल, जसं 2020 मध्ये कोविडच्या अनेक रुग्णांना झालं, आणि ते काही आठवडे टिकलं, तर मेसशी न भांडता डॉक्टर गाठा.

आईला फोन करून सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "आधी वाफ घे, मग नावं ठेव!"