वाटून ठेवले, तरी एकत्रच पडले

“चार फंडांत वाटा, सगळे एकदम पडत नाहीत,” असे वाशीतले सल्लागार शपथेवर सांगतात. मी म्हणतो, हे अर्धसत्य आहे. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स 13 टक्क्यांहून अधिक कोसळला. बँका, वाहने, औषधे, सगळेच घसरले. त्याच महिन्यात काही दिवस सोनेही पडले, कारण रोकड हवी असलेला माणूस जे विकले जाईल ते विकतो.

हिशोब करा. चार फंड, समान रक्कम, प्रत्येकाचा चढउतार 20 टक्के. परस्परसंबंध 0.2 असेल तर एकत्रित चढउतार साडेबारा टक्क्यांच्या आसपास, 0.9 झाला की 19 च्या वर. म्हणजे वाटणीचा फायदा नेमका गरजेच्या दिवशी आटतो. सल्लागार मात्र शांत वर्षांचाच आकडा दाखवतात. मुलांची फी बाजारात ठेवूच नका.