आधी हिस्सा, मग हक्कसोड

मुळशी तालुक्यातल्या माझ्या एका नातेवाइकांनी मागे मला सातबाऱ्याचा फोटो पाठवला. खाली मेसेज होता, "तू इंजिनीअर आहेस, वाटणीचा हिशोब करून दे. परवा पौडला हक्कसोड पत्राची नोंदणी आहे." मी विचारलं, बहिणी किती गुंठे सोडतायत? उत्तर आलं, "ते कशाला? त्या सगळंच सोडतायत."

या उत्तराने मला लिहायला बसवलं. आपण किती सोडतोय हे त्या तिघी बहिणींना कुणी सांगितलेलंच नव्हतं. भावांनाही ते ठाऊक नव्हतं. हिंजवडीला आयटी पार्क आल्यापासून आमच्या तालुक्यात गुंठ्याचा भाव प्रत्येकाला तोंडपाठ आहे. कुणाच्या वाट्याला किती गुंठे येतात, हे मात्र घरातल्या एकालाही माहीत नसतं.

म्हणून त्याच घराचा हिशोब इथे मांडतो. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदललेत आणि आकडेमोड सोपी जावी म्हणून क्षेत्र सोयीचं घेतलंय.

घर असं. अब्बा वारले. मागे त्यांची आई म्हणजे दादी, बायको म्हणजे अम्मी, दोन मुलगे आणि तीन मुली. दादा आधीच गेलेले. अब्बांच्या एकट्याच्या नावावर 4 एकर 8 गुंठे, म्हणजे 168 गुंठे जमीन.

पहिली पायरी: वाटायचं काय?

मुस्लिम कायद्यात मुलाला जन्मतः हक्क मिळत नाही. बाप हयात असेपर्यंत जमीन त्याची एकट्याची. तो गेला त्या क्षणी त्याच्या सगळ्या वारसांचा हक्क एकदम सुरू होतो, मग जमीन त्याने विकत घेतलेली असो की त्याला त्याच्या वडिलांकडून आलेली असो. "वडिलोपार्जित आहे, म्हणजे मुलांचीच" हे वाक्य आपण शेजारच्या घरांतून ऐकून उचललंय. शरियतमध्ये त्याला आधार नाही.

वाटणीआधी तीन गोष्टी वजा होतात: दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत. कर्जात विकास सोसायटीचं पीककर्ज येतं तसा अम्मीचा न दिलेला मेहेरही येतो. मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे आणि ते अम्मीच्या वारसा हिश्शाव्यतिरिक्त द्यायचं असतं. वसीयत उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच चालते. वारसालाच वसीयतीने जास्त द्यायचं असेल, तर बाकीच्या वारसांची संमती लागते आणि तीही मृत्यूनंतरची. या घरात सोसायटीचं कर्ज फिटलेलं होतं, मेहेर दिलेला होता, वसीयत नव्हती. त्यामुळे 168 गुंठे पूर्ण वाटायचे.

दुसरी पायरी: ठरलेले हिस्से

हे हिस्से सूरह निसाच्या 11 आणि 12 व्या आयतीत सांगितले आहेत. मयताला मुलंबाळं असतील तर बायकोला एक अष्टमांश आणि आईला एक षष्ठांश.

अम्मी: 168 चा आठवा भाग, 21 गुंठे.
दादी: 168 चा सहावा भाग, 28 गुंठे.

दोन्ही मिळून 49 गुंठे गेले. उरले 119.

तिसरी पायरी: उरलेलं मुलांना

मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. दोन मुलांचे चार आणि तीन मुलींचे तीन, असे सात भाग. 119 भागिले 7 म्हणजे 17.

प्रत्येक मुलगा: 34 गुंठे.
प्रत्येक मुलगी: 17 गुंठे.

पडताळा घ्यायचाच. 21, 28, दोन वेळा 34 आणि तीन वेळा 17 यांची बेरीज 168 येते. बेरीज जुळली नाही तर कुठे तरी वारस सुटलाय किंवा चुकीचा माणूस आत आलाय. (इथे हनफी पद्धत घेतली आहे. या घरापुरतं शाफई पद्धतीचं उत्तरही हेच येतं. शिया नियम काही ठिकाणी वेगळे आहेत.)

हक्कसोड पत्रावर तीन बहिणी जे सोडणार होत्या, ते हे: तिघींचे मिळून 51 गुंठे, म्हणजे सव्वा एकराहून जास्त.

चौथी पायरी: दुसरा मृत्यू

इथवरचं गणित आठवीतलं पोरही करेल. खरी चूक पुढे होते. अब्बांनंतर दीड वर्षाने दादी वारल्या आणि तोवर वारस नोंद झालेलीच नव्हती. मग भावांनी तलाठ्याकडे द्यायला प्रतिज्ञापत्र केलं, त्यात वारस म्हणून अम्मी आणि पाच मुलं एवढीच नावं. दादी हयात नाहीत, म्हणून त्यांचं नाव गाळलं.

पण अब्बा गेले तेव्हा दादी हयात होत्या. त्यांचे 28 गुंठे त्याच दिवशी त्यांचे झाले, सातबाऱ्यावर नाव लागो न लागो. त्या गेल्यावर ते 28 गुंठे त्यांच्या वारसांकडे जातात. हयात वारस कोण? एक मुलगा म्हणजे चाचा, आणि दोन मुली म्हणजे दोघी फूफी. चाचांचे दोन भाग, फूफींचा एकेक. चाचांना 14 गुंठे, प्रत्येक फूफीला 7. वाटणीआधीच वारस मरण पावला की करायच्या या दुहेरी हिशोबाला फिकहमध्ये मुनासखा म्हणतात. आपल्याकडे तीन-तीन पिढ्यांच्या नोंदी रखडलेल्या असतात, तिथे तो पायरीपायरीने प्रत्येक मृत्यूसाठी करावा लागतो.

म्हणून हिशोबाला बसताना सातबाऱ्याच्याही आधी मृत्यूचे दाखले मागा आणि तारखा लावून घ्या. हेच दोन मृत्यू उलट क्रमाने झाले असते, दादी आधी आणि अब्बा नंतर, तर अब्बांच्या जमिनीत दादींचा हिस्साच नसता. मुलींना 17 ऐवजी 21 गुंठे आले असते, मुलांना 34 ऐवजी 42, आणि चाचा-फूफींना या जमिनीतलं काहीच नाही.

दादींच्या 28 गुंठ्यांतून या पाच नातवंडांना काही मिळत नाही, कारण दादींचा एक मुलगा हयात आहे. ही गोष्ट अनेकांना बोचते, मलाही बोचते. नातवंडांना काही द्यायचं असतं तर दादी हयातीत एक तृतीयांशापर्यंत वसीयत करू शकल्या असत्या. नातवंडं इथे वारस नाहीत, त्यामुळे कुणाची संमतीही लागली नसती. पण त्यासाठी दादींना आधी कळायला हवं होतं की आपल्या नावे 28 गुंठे आहेत.

कागदावर काय होतं

तलाठी हे गणित करत नाही. वारसांची नावं अर्जातून, प्रतिज्ञापत्रातून आणि स्थानिक चौकशीतून येतात, गाव नमुना 6-क मध्ये चढतात, मग फेरफार होतो. अनेकदा सातबाऱ्यावर सगळी नावं सामाईक लागतात आणि कुणाचा हिस्सा किती हे लिहिलेलंच नसतं. म्हणून अर्जासोबत हिश्शांचा तक्ता स्वतःहून जोडा. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित करण्याआधी नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. लग्न होऊन चिंचवडला किंवा साताऱ्याला गेलेल्या बहिणीला ती नोटीस दिसत नाही. तिने 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या गावाचे चालू फेरफार पाहावेत, हरकतीची शेवटची तारीख तिथे असते. नाव गाळून फेरफार मंजूर झाला तरी हक्क मरत नाही, कारण फेरफाराने मालकी ठरत नाही. पण मग प्रांताकडे अपील आणि दिवाणी न्यायालय हा लांबचा रस्ता उरतो.

नोंदणीकृत हक्कसोड पत्राचं तसं नाही. बाप गेल्यावर बहिणीने त्यावर सही केली की तिचा हिस्सा खरोखर जातो, आणि फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध केल्याशिवाय सहसा परत येत नाही. बाप हयात असताना "मी पुढे हिस्सा मागणार नाही" असं लिहून दिलेला कागद मात्र एरवी बिनकामाचा, कारण जो हक्क अजून आलेलाच नाही तो सोडता येत नाही. त्याला एक अपवाद आहे. बहिणीने त्या बदल्यात मोबदला घेतला असेल, तर तो कागद तिच्यावर उलटू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये गुलाम अब्बास खटल्यात म्हटलं आहे.

आणखी एक अडचण माहीत असू द्या. 1937 च्या शरियत कायद्यातल्या कलम 2 मध्ये शेतजमीन वगळली आहे. त्यामुळे "आमच्यात मुलींना जमीन न देण्याची रूढी आहे" असा दावा कुणी करू शकतो. पण रूढी सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते आणि नुसतं "असंच चालत आलंय" म्हणणं पुरत नाही. विरोधाभास बघा: बायकांचे हक्क बुडवणाऱ्या रूढी मोडायच्या, हा त्या कायद्याचा एक घोषित हेतू होता.

माझं म्हणणं

भावाला दोन आणि बहिणीला एक का, यावर आपल्या तरुण मंडळीत वाद होतो. तो व्हायला हवा, समान वाट्याची मागणी करणाऱ्यांचं मला पटतंही. पण या घरात बहिणीला भावाच्या निम्मंही मिळत नव्हतं, शून्य मिळत होतं. ते शून्य शरियतने दिलेलं नव्हतं, घरातल्यांनी दिलेलं होतं. आणि जे काका तलाकच्या वादात शरियतला हात लावू देत नाहीत, तेच या हक्कसोड पत्रावर साक्षीदार होते.

"लग्नात खर्च केलाय ना" हे नेहमीचं उत्तर इथेही आलं. हयातीत केलेला खर्च किंवा दिलेली भेट वारसा हिश्शातून वजा होत नाही. तसं असेल तर थोरल्याच्या इंजिनीअरिंगच्या फियाही वजा कराव्या लागतील.

बहिणीने हिस्सा सोडूच नये असं मी म्हणत नाही. तो तिचा आहे, ती ठरवेल. माझी मागणी फक्त क्रमाची आहे: आधी वारस नोंद, प्रत्येकीच्या नावापुढे गुंठे, आणि त्यानंतर काही महिन्यांनी, वाटलं तर, हक्कसोड. आकडा माहीत नसताना केलेली सही म्हणजे माया नव्हे.

त्या घरातली परवाची नोंदणी पुढे ढकलली गेली. मी तक्ता पाठवला, त्यात चाचा आणि फूफींची नावं पाहून भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर अर्ज नव्याने झाला, नऊ नावांचा. थोरल्या बहिणीने पुढे तिचे 17 गुंठे धाकट्या भावाला दिले, कारण अम्मी त्याच्याकडे राहते. मधलीने आणि धाकटीने ठेवले. धाकटी मला फोनवर म्हणाली, "भाईजान, सोडायचे की नाही ते मी बघेन. पण सतरा आहेत, हे मला कुणी तरी सांगायला हवं होतं."