आजीबाईंचा वाहणारा डोळा

घरांतील वडील माणसाचा डोळा बारा महिने पाणावत असला, म्हणजे "आतां वयच झालें" असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु मोतीबिंदु काढण्याची वेळ आली कीं, हेंच पाणी संकट ठरूं शकतें.

अशा एका ६८ वर्षांच्या आजीबाईंची हकीकत पाहूं. त्यांचा उजवा डोळा दोन वर्षें वाहत होता. मोतीबिंदूसाठीं त्यांना नेलें, तेव्हां डॉक्टरांनीं प्रथम डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्याखालीं, नाकाच्या मुळाशीं बोटानें हळूच दाबलें. त्यासरशीं पापणीच्या कडेवरील बारीक छिद्रांतून चिकट पू वर आला. मग खालच्या छिद्रांतून बोथट सुईनें मिठाचें पाणी सोडलें. वाट मोकळी असती, तर घशाला खारट चव लागली असती. येथें सारें पाणी वरच्या छिद्रांतून परत आलें.

अश्रु या छिद्रांवाटे नाकाशेजारच्या एका लहानशा पिशवींत उतरतात व तेथून नळीनें नाकांत जातात. म्हणूनच रडतांना नाकहि वाहतें. उतारवयांत, विशेषतः स्त्रियांत, ही नळी आकसून बंद होते. मग पिशवींत पाणी तुंबतें व त्यांत जंतु वाढतात. अशा वेळीं मोतीबिंदूसाठीं डोळा उघडला, तर तेच जंतु आंत शिरून दृष्टि कायमची जाण्याचें भय असतें. थेंबांनीं पू कमी होईल, पण वाट उघडणार नाहीं. तान्ह्या मुलांना चोळण्यानें जो गुण येतो, तोहि या वयांत येत नाहीं.

म्हणून मोतीबिंदु लांबणीवर टाकून आधीं नवी वाट करण्याचें ठरलें. इटलींतील टोटी यांनीं १९०४ सालीं ही शस्त्रक्रिया वर्णिली. नाकाच्या बाजूस लहानसा छेद घेऊन मधलें पातळ हाड थोडें काढतात आणि पिशवीचें अस्तर नाकाच्या अस्तराशीं जोडतात. बंद नळी तशीच राहते. पाणी या खिडकीनें नाकांत उतरतें. आतां हेंच काम दुर्बिणीनें नाकांतूनहि होतें व चेहऱ्यावर व्रण राहत नाहीं. दहांपैकीं सुमारें नऊ जणांना गुण येतो. क्वचित् खिडकी भरून येते व पुन्हां उघडावी लागते.

रक्त पातळ करणारी गोळी चालूं असल्यास ती डॉक्टरांना आधीं सांगावी, कारण नाकांतून रक्तस्राव होतो. नंतर एक-दोन आठवडे नाक शिंकरूं नये. आजीबाईंची वाट दीड महिन्यानें पुन्हां पाणी सोडून तपासली; तें घशांत उतरलें, तेव्हांच मोतीबिंदु काढला.

मात्र त्या कोपऱ्यांत लाल, ठणकणारी गांठ आली, तर ती दाबूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. औषधानें सूज उतरल्यावरच वाट उघडण्याची शस्त्रक्रिया करतात.