कानाशी कोण लागले?

‘सार्वजनिक ठिकाणी अनोळखी ब्लूटूथ विनंती स्वीकारू नका’ हा सल्ला पोलिसांच्या भित्तीपत्रकांतून, बँकांच्या संदेशांतून आणि शाळेच्या पालकसभांतून इतक्यांदा ऐकवला गेला आहे, की तो देणाऱ्यांच्या लेखीही आता त्याला अर्थ उरलेला नसावा. बेल्जियममधील के. यू. ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी 2026 मध्ये ‘व्हिस्परपेअर’ या नावाने जे चव्हाट्यावर आणले, त्यानंतर तर हा सल्ला निव्वळ हात झटकण्याचा प्रकार ठरतो. कारण विनंती येतच नाही. स्वीकारायचे की नाकारायचे, हे तुम्हाला कोणी विचारतच नाही.

गूगलच्या ‘फास्ट पेअर’ या सोयीची जाहिरात साऱ्यांना ठाऊक आहे. डबी उघडा, फोनवर चित्र झळकेल, एकदा बोट लावा, इअरफोन जोडले गेले. या सोयीच्या नियमावलीत एक साधी अट आहे. मालकाने बटण दाबून इअरफोन जोडणीच्या तयारीत ठेवले नसतील, तर कोणत्याही नव्या फोनच्या हाकेला त्यांनी ओ देऊ नये. सोनी, जेबीएल, जाब्रा, शाओमी, वनप्लस, नथिंग आणि खुद्द गूगल यांच्यासह 10 कंपन्यांच्या 17 उपकरणांत ही अट पाळलेलीच नाही, असे संशोधकांना आढळले. हाक आली की उपकरण ओ देते, मग ते मालकाच्या कानात का असेना. यात कोणा हॅकरची अलौकिक बुद्धिमत्ता नाही. लिहायची राहिलेली एक तपासणी आहे. आणि ती राहिलेली असताना ही उपकरणे गूगलच्या प्रमाणपत्राच्या चाचणीतून बिनबोभाट पार झाली, हा खरा संतापाचा मुद्दा.

याचा अर्थ काय, ते ठाण्याहून सुटलेल्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये पाहा. डब्यात पन्नास कानांत इअरफोन. त्यातल्या एका बाईचा फोन आयफोन आहे आणि इअरफोन दुसऱ्या कंपनीचे, वरील यादीतले. चार बाकांपलीकडचा माणूस मोबाइल हाताळतो आहे. संशोधकांच्या चाचणीत ही जोडणी 14 मीटर अंतरावरून होऊ शकली आणि त्यासाठी साधारण 10 सेकंद पुरले. म्हणजे जवळजवळ अख्खा डबा टप्प्यात आणि मुलुंड यायच्या आत काम फत्ते. बाईंचे गाणे फार तर मध्येच अडखळेल. लोकलमध्ये ते रोजचेच, त्याकडे कोण लक्ष देणार? आता त्या इअरफोनचा माइक परक्याच्या हाती आहे आणि त्यांच्या कानात हवा तो आवाजही तो सोडू शकतो. फोनमधला मजकूर मात्र त्याला दिसत नाही. फोन शाबूत राहतो, घात होतो तो कानातल्या यंत्राचा.

एवढ्यावर भागत नाही. यातली काही उपकरणे हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या गूगलच्या जाळ्यातही सामील होतात. ती आधी कधीच अँड्रॉइड फोनला जोडलेली नसतील, तर त्यांच्यावर मालक म्हणून पहिली नोंद करणारा कोण? तोच चार बाकांपलीकडचा माणूस. आयफोनवाल्यांना यात सुरक्षित वाटायचे कारण नाही. उलट याबाबतीत तेच अधिक उघडे पडतात. नोंद झाली की पुढे बाई दादरला उतरल्या काय किंवा डोंबिवलीच्या घरी पोहोचल्या काय, आसपासच्या अँड्रॉइड फोनांच्या साक्षीने त्यांचा ठावठिकाणा त्याला कळत राहील. काही काळाने त्यांच्या फोनवर ‘तुमचा माग काढला जातो आहे’ असा इशारा येईलही, पण त्यात नाव असेल त्यांच्याच इअरफोनचे. ‘काहीतरी गडबड दिसते’ म्हणून त्या तो बाजूला सारतील. इशाराही असा दिला, की त्यावर विश्वास बसू नये!

वीस वर्षांपूर्वी हे तंत्रज्ञान याहून अडाणी होते, पण निदान विचारत तरी होते. 2004 मध्ये नोकियाच्या फोनांवर ‘कॅबिर’ नावाचा किडा ब्लूटूथवरून पसरू लागला आणि पुढच्या वर्षी हेलसिंकीतील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेच्या स्टेडियममध्ये त्याने प्रेक्षकांना भंडावून सोडले. ज्यांचे फोन सर्वांना ‘दिसतील’ असे उघडे ठेवलेले होते, त्यांच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा विनंती येई. नाही म्हणा, परत हजर. अखेर वैतागून लोक ‘होय’ दाबत. ‘विनंती नाकारा, फोन दिसता ठेवू नका’ हा सल्ला त्या काळातला आहे आणि त्या काळी तो रास्त होता. आजचे फोन बहुधा ब्लूटूथ सेटिंगचे पान उघडे असेपर्यंतच इतरांना दिसतात. फोन त्यातून शहाणे झाले. कानातली, मनगटावरची आणि गाडीतली यंत्रे झाली की नाही, हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही.

आणि ब्लूटूथच बंद करा म्हणावे, तर बंद करायचे बटण तरी प्रामाणिक असावे! आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधले ब्लूटूथचे चिन्ह दाबले, की ब्लूटूथ बंद झाले असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात चालू जोडण्या तुटतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सारे पूर्ववत. खरे बंद करायचे तर सेटिंगमध्ये जावे लागते. अर्थात फोनचे ब्लूटूथ बंद केल्याने इअरफोनमधली चूक दुरुस्त होत नाहीच. अँड्रॉइडवर फास्ट पेअर बंद केल्यानेही नाही. इअरफोन मूळ अवस्थेत आणले, म्हणजे फॅक्टरी रीसेट केले, तर घुसलेल्याची नोंद पुसली जाते. पण पुढच्या प्रवासात दुसरा घुसू शकतो. उपाय एकच. कंपनीने दिलेले नवे सॉफ्टवेअर त्या इअरफोनमध्ये घालायचे आणि त्यासाठी कंपनीचे अ‍ॅप फोनमध्ये घ्यायचे. इअरफोन घेताना असे अ‍ॅप घेणारा ग्राहक किती जणांनी पाहिला आहे? ते न घेताही इअरफोन उत्तम चालतात, म्हणूनच तर ते ‘सोपे’ म्हणून विकले गेले.

म्हणजे चूक कंपनीची, प्रमाणपत्र देणाऱ्याची आणि प्रायश्चित्त मात्र ग्राहकाने घ्यायचे. आपल्या सरकारी यंत्रणेलाही हे बरे दिसते. भारतात असे उपकरण विकण्यासाठी दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची मान्यता लागते; ती रेडिओ लहरींची वारंवारता आणि शक्ती पाहते. मानक ब्युरोची नोंदणी लागते. ती विजेच्या धोक्यापुरती. कानातल्या यंत्राने परक्याला ओ द्यावी की नाही, हे कोणाच्याच कागदावर नाही. जमत नाही म्हणावे, तर तेही खोटे. याच सरकारने 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचणीशिवाय बाजारबंदी केली. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून जोडणीक्षम उपकरणाला सुरक्षेची दुरुस्ती किती काळ मिळेल, हे उत्पादकाने सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. भिंतीवरच्या कॅमेऱ्याची जी धास्ती सरकारला वाटते, ती कानातल्या माइकची का वाटू नये? कॅमेरा निदान दिसतो तरी.

तेव्हा नागरिकांना सावधगिरीचे डोस पाजणे पुरे. जोडणीच्या तयारीत नसलेल्या उपकरणाने नवी जोडणी नाकारली पाहिजे, ही एक चाचणी विक्रीपूर्वी सक्तीची करा. दुरुस्ती किती वर्षे मिळणार, ते खोक्यावर ठळक छापायला लावा. सापडलेली चूक ठरावीक मुदतीत न सुधारणाऱ्या कंपनीला माल परत घ्यायला लावा. चाचणी काही सेकंदांची आहे. ती करायची नसेल, तर ‘विनंती स्वीकारू नका’ असे लोकांना सांगण्याचा अधिकार ना कंपन्यांना उरतो, ना सरकारला.