‘कच्चा’ या शब्दाचे विरुद्धार्थी : एक विचार

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील झोतभट्टीतून जो वितळलेला धातू बाहेर पडतो, त्याला मराठीत ‘कच्चे लोखंड’ आणि हिंदीत ‘कच्चा लोहा’ म्हणतात. चौदाशे अंशांहून अधिक तापमानातून जो आलेला आहे, त्याला ‘कच्चा’ म्हणणे वरवर पाहता विचित्र वाटते. आगीतून गेलेले ते पक्के, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. शिवाय हा धातू गार झाल्यावर मऊ नसतो. तो कठीण आणि ठिसूळ असतो. तेव्हा येथे ‘कच्चा’ म्हणजे न भाजलेला नव्हे, की नरमही नव्हे. मग त्याचा अर्थ काय आणि त्याच्या विरुद्ध शब्द कोणता, हा प्रश्न उरतोच.

शालेय व्याकरणाच्या पुस्तकांतून आणि परीक्षांच्या मार्गदर्शिकांतून या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत दिलेले असते : कच्चा × पक्का. ही ओळ पाठ केलेला विद्यार्थी ‘कच्चे लोखंड’च्या पुढे ‘पक्के लोखंड’ असे लिहील. परंतु पोलादाच्या व्यवहारात त्या जागी येणारा शब्द ‘पोलाद’ हाच आहे. कच्च्या लोखंडात कार्बनचे प्रमाण सुमारे चार टक्के असते. ते कमी करून रुळांसाठी पोलाद तयार करताना हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आणावे लागते. म्हणजे येथील ‘कच्चा’ हा ‘ज्यावरील पुढील संस्कार व्हावयाचा आहे असा’ या अर्थाचा आहे. दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतील खनिजाच्या दृष्टीने पाहिले तर झोतभट्टीतील धातू हे एका क्रियेचे फळ आहे. पोलादशाळेच्या दृष्टीने पाहिले तर तोच कच्चा माल आहे. पाहणारा जेथे उभा असेल त्याप्रमाणे एकाच वस्तूला ‘तयार’ आणि ‘कच्चा’ ही दोन्ही विशेषणे लागतात, आणि त्यांतील एकही चुकीचे नसते.

यावरून जी गोष्ट स्पष्ट व्हावयास हवी ती अशी की, विरुद्धार्थ हा शब्दाचा धर्म नाही. तो वाक्यातील अर्थाचा धर्म आहे. ज्या शब्दाला अनेक अर्थ असतात त्याला तितकेच विरोधी शब्द संभवतात, आणि क्वचित एकही संभवत नाही.

‘कच्चा’ याच शब्दाचा मराठीतील संचार पाहावा. ‘कच्चा आंबा’ याच्या विरुद्ध ‘पिका आंबा’. ‘पक्का आंबा’ असे मराठी माणूस म्हणत नाही. ‘भात कच्चा राहिला’ याच्या विरुद्ध ‘शिजला’. ‘कच्ची वीट’ याच्या विरुद्ध ‘भाजलेली’ किंवा ‘पक्की’. ‘कच्चा रस्ता’ याच्या विरुद्ध मात्र ‘पक्का’ एवढेच. ‘तो गणितात कच्चा आहे’ येथे ‘पक्का’ चालतो, ‘हुशार’ही चालतो, पण ‘पिका’ किंवा ‘शिजलेला’ म्हटले तर हसू येईल. ‘कच्चा कैदी’ म्हणजे ज्याच्यावरील खटल्याचा निकाल लागावयाचा आहे असा कैदी. त्याच्या विरुद्ध असतो तो ‘शिक्षा झालेला कैदी’. आणि मुलांच्या खेळातील ‘कच्चा लिंबू’? बाद झाला तरी ज्याला बाद धरावयाचे नाही असा तो नावापुरता गडी. ‘पक्का लिंबू’ असा कोणी असत नाही. तेथे विरोधी शब्दच नाही.

समानार्थी शब्दांचीही हीच स्थिती आहे. ‘अपक्व’ हा ‘कच्चा’चा समानार्थी म्हणून दिला जातो. ‘अपक्व फळ’ आणि ‘अपक्व बुद्धी’ हे प्रयोग ठीक आहेत. परंतु ‘अपक्व रस्ता’ किंवा ‘अपक्व कैदी’ म्हणता येत नाही. ‘तात्पुरता’ हा शब्द ‘कच्ची नोंद’ या प्रयोगाच्या काहीसा जवळ जातो, फळाच्या बाबतीत त्याचा काहीच उपयोग नाही.

हा गोंधळ आला कोठून, याचे उत्तर शब्दांच्या इतिहासात काही अंशी सापडते. संस्कृतातील ‘पक्व’ हा शब्द ‘पच्’ या धातूपासून आला आहे. त्यात शिजणे, पिकणे आणि भाजले जाणे हे तिन्ही व्यापार एकत्र नांदतात. प्राकृतात या शब्दाची ‘पक्क’ आणि ‘पिक्क’ अशी दोन रूपे झाली. मराठीने दोन्ही स्वीकारली आणि त्यांच्याकडे वेगवेगळी कामे सोपविली : फळाकडे ‘पिका’ गेला आणि टिकाऊपणाकडे, निश्चितपणाकडे ‘पक्का’ गेला. शिजण्याचे काम तर ‘शिजणे’ या निराळ्याच क्रियापदाने उचलले. अशा रीतीने एका बाजूला तीन शब्द झाले, आणि समोर मात्र ‘कच्चा’ हा एकटाच उभा राहिला. तक्त्यातील एक ओळ या तिघांपैकी एकालाच जागा देते, आणि जो तेथे बसला तोच सर्वत्र खरा असा भ्रम निर्माण करते.

भिलाईसारख्या ठिकाणी हा भ्रम अधिक महाग पडतो. १९५५ साली भारत व सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला आणि १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतर निरनिराळ्या प्रांतांतून जी कुटुंबे येथे आली त्यांत मराठी कुटुंबेही होती. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाला ‘कच्चा’ हा शब्द तिन्हीकडे भेटतो; आणि रूप तेच असल्यामुळे अर्थही तोच असणार असे तो गृहीत धरतो. परंतु हिंदी प्रदेशात ‘कच्ची रसोई’ म्हणजे न शिजलेले अन्न नव्हे. पाण्यात शिजविलेला भात, डाळ, तव्यावरची रोटी हे सारे ‘कच्चे’. आणि तुपात तळलेली पुरी, कचोरी हे ‘पक्के’. हा भेद शिजण्याचा नसून स्पर्शास्पर्शाचा व पंक्तिव्यवहाराचा आहे. पक्के अन्न अनेकांच्या हातचे चालत असे. कच्चे मात्र आपल्या किंवा आपल्याहून वरच्या मानलेल्या जातीच्याच हातचे. एखाद्या हिंदी कथेत कोणी कोणाच्या घरची कच्ची रसोई नाकारतो, आणि मराठी अनुवादक तेथे ‘कच्चे अन्न’ असे लिहितो, तेव्हा वाचकाला वाटते की भात अर्धाकच्चा राहिला म्हणून पाहुणा उठून गेला. जातीचा अपमान हा कथेचा गाभा होता. त्याचे स्वयंपाकातील चुकीत रूपांतर होते. शब्दाला शब्द तंतोतंत दिला आणि कथा हरवली, असा हा प्रकार आहे.

मग योग्य शब्द निवडावा कसा? भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या कारणांची जी यादी दिली आहे, तीत साहचर्य, प्रकरण, औचित्य, देश आणि काल यांच्याबरोबर ‘विरोधिता’ हेही एक कारण मोजले आहे. ही गोष्ट फार मार्मिक आहे. आपण सामान्यतः असे समजतो की आधी अर्थ ठरतो व मग त्याचा विरोधी शब्द शोधावयाचा. भर्तृहरीच्या यादीवरून असे सुचते की विरोध हा स्वतःच अर्थ ठरविण्याचे साधन आहे. त्याचा उपयोग अगदी साध्या रीतीने करता येतो. प्रथम विशेषण कोणत्या नामाला लागले आहे आणि वाक्यातील क्रियापद कोणते आहे ते पाहावे. हिंदी वृत्तपत्रांत ‘कच्चा लोहा’ हा प्रयोग कधीकधी खनिजासाठीही सैलपणे केलेला आढळतो. तो खणला किंवा खाणीतून वाहून आणला गेला असेल तर मराठीत ‘लोहखनिज’ म्हणावे लागेल. ओतला गेला असेल तर ‘कच्चे लोखंड’.

त्यानंतर निवडलेला विरोधी शब्द त्याच वाक्यात, त्याच जागी घालून वाक्य उभे राहते की नाही ते तपासावे. शेवटी उलटा प्रवास करून पाहावा. ‘पिका’ हा ‘कच्चा’चा विरोधी म्हणून मिळाला, म्हणून ‘पिकले पान’ याच्या विरुद्ध ‘कच्चे पान’ होत नाही. तेथे ‘हिरवे’ किंवा ‘कोवळे’ पान येते. ‘पिकलेले केस’ यांच्या विरुद्ध तर ‘काळे केस’. परतीची वाट जेथे बंद होते तेथे दोन शब्द सर्वत्र परस्परविरोधी नाहीत, एवढे निश्चित समजावे.

आणखी एक भेद येथे ध्यानात ठेवावा लागतो. आंबा कच्चा नाही म्हणजे तो पिकाच आहे असे नव्हे. तो पाडाचा असू शकतो. चिंच गाभुळलेली असू शकते. या विरोधात मधल्या पायऱ्या आहेत. कैद्याच्या बाबतीत मात्र त्या नाहीत. निकाल लागला आहे किंवा लागलेला नाही. म्हणून ‘कच्चा नव्हे’ या नकाराचे मोल दोन्ही ठिकाणी सारखे नसते, आणि ‘न’कारयुक्त शब्दाला सरसकट विरुद्धार्थी मानणेही बरोबर नाही.

तक्त्यांच्या बाजूने असे म्हटले जाते की नवशिक्या विद्यार्थ्याला प्रारंभी सोपी जोडीच हवी. हे मान्य केले तरी जोडीला वाक्य जोडण्यास कोणती अडचण आहे? ‘कच्चा × पक्का’ याऐवजी ‘कच्चा रस्ता × पक्का रस्ता’, ‘कच्चा आंबा × पिका आंबा’ एवढे लिहिले तरी पुरे. संदर्भानेही कधी निर्णय होत नाही, हे खरेच आहे. ‘माल कच्चा आहे’ एवढेच वाक्य दिले तर तो फळबाजारातील माल आहे की कारखान्यातील, हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु असे वाक्य देऊन एकच उत्तर ग्राह्य धरणारा प्रश्न हा विद्यार्थ्याच्या नव्हे, प्रश्न काढणाऱ्याच्या अज्ञानाची परीक्षा होय. ज्या मुलाने ‘पिका’ लिहिले त्याचे गुण ‘पक्का’ नाही म्हणून कापले जातात, तेव्हा भाषा ज्याच्या कानात जिवंत आहे त्याला ती चूक आहे असे शिकविले जाते.

अमरसिंहाने आपल्या कोशात पर्याय देणारे वर्ग रचले, आणि तरीही तिसऱ्या कांडात ‘नानार्थवर्ग’ स्वतंत्रपणे मांडला. एका अर्थाचे अनेक शब्द आणि एका शब्दाचे अनेक अर्थ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही जाण त्या मांडणीत आहे. आजची शब्दसूची पहिलीच गोष्ट जाणते, दुसरी विसरते. ज्या प्रदेशात मराठी आणि हिंदी एकाच अंगणात नांदतात तेथे तरी हे विस्मरण परवडणारे नाही. तेथील पाठ्यपुस्तकात आणि अनुवादकाच्या टेबलावर शब्दाआधी वाक्य यावयास हवे.