थिमेट गेले, त्याच्या जागी काय?

ऊसपट्ट्यातील कोणत्याही कृषी सेवा केंद्रात पंधरा-वीस वर्षांपूर्वी सर्वांत कमी शब्दांत होणारा सौदा थिमेटचा असे. गिऱ्हाईकाने नाव उच्चारावे, दुकानदाराने पिशवी पुढे सरकवावी, आणि पिशवी खताच्या गोणीवर टाकून गिऱ्हाईकाने गाडीला किक मारावी. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, नीरा डाव्या कालव्याच्या आणि उजनीच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या ऊसशेतीत, फोरेट १० टक्के दाणेदार या औषधाचे खरे नाव फारसे कोणी घेत नसे. ते औषध आता कायद्याने बंद आहे. आश्चर्य त्याच्या बंद होण्याचे वाटत नाही. वाटते ते याचे, की इतकी मोठी जागा रिकामी करून जाताना ग्राहकाला निरोप कसा द्यायचा, याचा विचार कोणी नीटपणे केला नाही.

निरोपाला वेळ नव्हता, असेही म्हणता येत नाही. परदेशांत बंदी वा निर्बंध असलेल्या ६६ कीटकनाशकांचा फेरविचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०१५ च्या अखेरीस आला. त्याला अनुसरून ८ ऑगस्ट २०१८ रोजी बंदी-आदेश निघाला आणि त्यात बारा औषधे तत्काळ बंद झाली. सहा औषधांना मात्र मुदत मिळाली. फोरेट त्या सहांत होते: १ जानेवारी २०१९ पासून उत्पादन व आयात बंद, आणि ३१ डिसेंबर २०२० पासून वापरही बंद. एन्डोसल्फानच्या बाबतीत मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश येताच व्यवहार थांबवावा लागला होता. तेथे शेतकऱ्याला आगाऊ सांगण्यास सवडच नव्हती. फोरेटला मात्र जवळजवळ अडीच वर्षांची सवड होती. पण राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघते, आणि राजपत्र वाचून कोणी लागवड करीत नाही. तेव्हा सांगण्याचे काम उत्पादकांवर, विक्रेत्यांवर, कारखान्यांच्या ऊसविकास विभागांवर आणि कृषी खात्यावर येऊन पडते. या चौघांपैकी प्रत्येकाने ते दुसऱ्यावर सोपवले की काय होते, हे आपण पाहिले आहे.

जे झाले ते असे. गिऱ्हाईक येऊन थिमेट मागते. दुकानदार म्हणतो, "ते बंद झाले, हे घ्या." आणि हातात येते दुसरी दाणेदार पिशवी. दाण्याच्या बदली दाणा मिळाला, म्हणून गिऱ्हाईक समाधानाने जाते. घोटाळा नेमका येथेच आहे. थिमेट ही एक वस्तू होती, पण ती कामे दोन-तीन करीत असे. उसाच्या सुरुवातीच्या अवस्थेत पोंगा वाळवणारी खोडकीड, पुढे शेंडा पोखरणारी कीड, आणि जमिनीत मुळ्या खाणारी हुमणी, या सर्वांवर शेतकरी तेच फेकत असे. काहींनी ते डाळिंबाच्या बुंध्याशी सूत्रकृमींसाठीही टाकले. त्या जागी आलेले कोणतेही एक औषध ही सारी कामे करीत नाही. म्हणून "थिमेटला पर्याय काय?" हा प्रश्नच अर्धवट आहे. दुकानदाराने उलट विचारले पाहिजे, "कशासाठी हवे आहे?"

समजा, लागण लहान आहे आणि पोंगे वाळू लागले आहेत. वाळलेला पोंगा ओढला तर सहज निघून येतो आणि त्याला घाण वास येतो. ही खोडकीड. तिच्यासाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार या औषधाची नोंदणीकृत मात्रा हेक्टरी १८.७५ किलो, म्हणजे एकरी साडेसात किलो आहे. ते दाणेदार असल्यामुळे थिमेटची सवय असलेल्या हाताला सोयीचे पडते. परंतु हेच औषध हुमणीसाठी कोणी नेले, तर पैसे आणि आठवडे दोन्ही वाया जातात. ते त्या किडीसाठी शिफारसलेलेच नाही. पिशव्या सारख्या, दाणे सारखे, आणि कामे मात्र निरनिराळी. ही गोष्ट दुकानाच्या फळीवर पाहून कळत नाही. ती कोणी तरी सांगावी लागते.

हुमणीची गोष्ट अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे, कारण थिमेटची खरी उणीव तेथेच जाणवते. हुमणीचे भुंगे वळवाच्या किंवा पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीबाहेर येतात, कडुलिंब-बाभळीवर बसून पाला खातात, आणि पुन्हा जमिनीत शिरून अंडी घालतात. वर्षातून एकच पिढी होते. अंड्यांतून निघालेली अळी प्रथम बारीक असते. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत ती जाड, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली होते आणि तेव्हाच उसाच्या मुळ्यांचा फडशा पाडते. शेतकऱ्याच्या डोळ्यांना ती दिसते ती याच वेळी, म्हणजे औषधाला दाद देण्याचे तिचे दिवस संपत आले असताना.

आता एक एकर खोडव्याचे उदाहरण घेऊ. जुलैच्या मध्यास फडात एका कोपऱ्यात ठिगळासारखा पिवळेपणा दिसतो. पाणी आहे, खत दिले आहे, तरी पाने सुकतात. बेट हाताने हलवले तर ढिले लागते. अशा वेळी पहिले काम औषध आणण्याचे नव्हे. कुदळ घेऊन पाच-सहा ठिकाणी, पिवळ्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवर, फूटभर खोल खणून पाहण्याचे. अळ्या सापडल्या तर हुमणी निश्चित. नाही सापडल्या, तर कारण दुसरे आहे आणि हुमणीचे औषध घेऊ नये. सापडल्यास फिप्रोनील ४० टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड ४० टक्के हे पाण्यात विरघळणारे दाणेदार मिश्रण उसातील हुमणीसाठी नोंदणीकृत आहे. त्याची मात्रा हेक्टरी ४३७.५ ते ५०० ग्रॅम, म्हणजे एकरी १७५ ते २०० ग्रॅम. एकराला चारशे लिटर पाणी धरले आणि दोनशे ग्रॅम औषध घेतले, तर पंधरा लिटरच्या एका पंपाला साडेसात ग्रॅम येते आणि असे सुमारे सत्तावीस पंप लागतात. द्रावण पानांवर फवारायचे नाही. नोझल काढून बेटाच्या बुडाशी सोडायचे, आणि जमीन त्या वेळी ओलसर हवी. कोरड्या जमिनीत ओतलेले औषध वरच्या बोटभर मातीत अडकून राहते, आणि अळी त्याखाली निर्धास्त असते.

येथे बदलाची खरी किंमत ध्यानात येते. पूर्वी खताबरोबर हाताने फेकून जे अर्ध्या सकाळीत उरकत असे, त्याला आता पाणी, पंप आणि दोन माणसांचा दिवस लागतो. ऊस कमरेवर गेला की फडात शिरणे अवघड होते. म्हणून "नवे औषध चालत नाही" अशी जी तक्रार कानावर येते, तिच्यात औषधाचा दोष थोडा आणि उशिराचा दोष फार असतो. शिवाय हे मिश्रण मधमाश्यांना आणि माशांना घातक आहे. पंप कालव्यात धुऊ नये, हे सांगणे बारामती-इंदापुरात औपचारिक नाही; उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणारी कुटुंबे आहेत आणि भिगवणच्या पाणथळीत दरवर्षी रोहित पक्षी उतरतात.

रसायनाखेरीजचा मार्ग मेटारायझियम या बुरशीचा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पावसाने ओल धरल्यावर, जून-जुलैत ती सरीत द्यावी. मेलेल्या अळीवर प्रथम पांढरी आणि नंतर हिरवट बुरशी दिसली, तर ती लागू पडली असे समजावे. पण परिणामाला काही आठवडे लागतात, तिच्याबरोबर बुरशीनाशक देता येत नाही, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तापत पडलेल्या पुड्यात जिवंत काही उरत नाही. दुकानदाराने पुड्यावरची तारीख दाखवून ती विकली पाहिजे. मात्रा पुड्यावर लिहिलेलीच घ्यावी. शंका असल्यास मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा माळेगावचे कृषी विज्ञान केंद्र यांना विचारावे. सूत्रकृमींनी त्रस्त झालेल्या डाळिंब बागायतदाराने उसाचा पर्याय आपल्या बागेत मुळीच नेऊ नये. त्याच्यासाठी सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.

भुंगे वेचणे हा तिसरा उपाय सर्वांत स्वस्त, पण एकट्याने करून निरर्थक. शेजारच्या बांधावरची बाभूळ आपल्या फडात अंडी पाठवीत राहते. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी झाडे हलवून खाली पडलेले भुंगे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकण्याचे काम गावाने एकाच आठवड्यात केले पाहिजे. ते घडवून आणण्याची यंत्रणा माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांच्या शेतकी विभागांजवळ आहे. ऊस नोंदीसाठी गटवार फिरणारा माणूस हा निरोप मे महिन्यात सहज देऊ शकतो.

दुकानात लावण्याच्या फलकाला फार शब्द लागत नाहीत. "फोरेट (थिमेट) ३१ डिसेंबर २०२० पासून वापरण्यास बंदी. पोंगा वाळत असेल तर वेगळे औषध, मुळ्या खात असेल तर वेगळे. घेण्यापूर्वी कीड दाखवा किंवा सांगा. कोणी थिमेट म्हणून बिलाशिवाय देत असेल तर घेऊ नका." एवढे मराठीत, ठळक अक्षरांत, काउंटरच्या वर. शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. मागणी उरली आणि माल बंद झाला की बिनबिलाचा धंदा सुरू होतो, आणि त्या पिशवीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. बिलावर औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक असेल तरच पुढे गुणनियंत्रण निरीक्षकाकडे तक्रार उभी राहते.

फ्युराडानचाही उल्लेख केला पाहिजे, कारण थिमेट नाही म्हटले की पुष्कळांच्या तोंडी तेच नाव येते. कार्बोफ्युरानही अतिविषारी गटातले आहे आणि त्याच्यावर २०२३ मध्ये आणखी निर्बंध आले. एका जाणाऱ्या औषधाच्या जागी दुसरे जाणारे औषध सुचविणे म्हणजे ग्राहकाला दोनदा त्याच दारातून परत पाठवणे होय.

राहिला प्रश्न गोठ्याच्या माळ्यावर उरलेल्या अर्ध्या पिशवीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात फोरेट सर्वांत विषारी, म्हणजे पहिल्या 'अ' वर्गात आहे. ते कातडीतूनही शरीरात जाते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, घाम आणि लाळ सुटणे ही विषबाधेची लक्षणे, आणि अशा रुग्णाला पिशवीसह ताबडतोब दवाखान्यात नेणे हाच उपाय. ती पिशवी जाळू नये, पुरू नये, ओढ्यात टाकू नये. कुलपात ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवावे. मुदत संपली तेव्हाच असा माल परत घेण्याची तारीख आणि ठिकाण ग्राहकांना कळवायला हवे होते. ज्यांनी ही पिशवी वर्षानुवर्षे विकली त्यांनी, कृषी खात्याच्या देखरेखीखाली, हे काम अजूनही एका बाजारदिवशी करता येईल.